फॉलो करणाऱ्याचे आभार मानताना मी काय लिहितो

माझा धंदा इंग्रजीतून मराठीत भाषांतराचा. मुक्काम यावल, घरची केळी. पहिल्या वर्षी कुणी लिंक्डइनवर फॉलो केलं की मी ठरलेला मजकूर चिकटवायचो: "धन्यवाद! मी भाषांतरकार आहे, शेती, वैद्यकीय, कायदा सगळं करतो. दर आणि बायोडेटा सोबत." चाळीसेक जणांना पाठवला असेल. उत्तरं आली तीन, त्यातली दोन नुसत्या अंगठ्याची. तिसरा माणूस दुसराच भाषांतरकार निघाला. तोही कामच शोधत होता!

चूक कळायला वेळ लागला. त्या मजकुरात आभार एका शब्दाचे होते आणि बाकी सगळी जाहिरात. शिवाय समोरच्यानं उत्तर द्यावं असं त्यात काहीच नव्हतं. दर वाचून माणूस काय म्हणणार, "बरं"?

आता निरोप लिहिण्याआधी मी दहा मिनिटं त्या माणसाचं पान वाचतो. कोण आहे, कुठल्या कंपनीत, शेवटच्या दोन-तीन पोस्ट कशावर. मला हवी असते एकच गोष्ट: त्याच्या कामातला असा शब्द, ज्यावर मलाही काही सांगता येईल आणि त्यालाही. ती सापडली नाही तर दोन ओळींत आभार मानून थांबतो.

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या एका ठिबक कंपनीच्या मार्केटिंगमधल्या बाईंनी फॉलो केलं. त्यांच्या पोस्टमध्ये केळीच्या मळ्याचा फोटो होता, मुख्य झाड कापलेलं आणि बुंध्याशी पील वाढलेलं, म्हणजे त्या पिलावर घेतलेलं पुढचं पीक, इंग्रजीत रॅटून. मी लिहिलं:

"नमस्कार ताई, फॉलो केल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या पोस्टमधला केळीचा फोटो पाहिला. मी यावलचा, घरी केळीच आहे, म्हणून पिलबाग लगेच ओळखली. एक विचारू का? तुमच्या मराठी पत्रकात रॅटूनला खोडवा लिहिता की पिलबाग? आमच्याकडे खोडवा म्हटलं की आधी ऊस आठवतो."

मूळ निरोपात ताईच्या आधी त्यांचं नाव होतं. नावावरून बाई की बुवा कळत नसेल तर मी ताई-दादा-मॅडम सगळं टाळतो, नुसतं नाव आणि नमस्कार लिहितो. एकदा एका दादांना मॅडम म्हणून बसलोय.

यात मी भाषांतरकार आहे असं कुठेच म्हटलं नाही. ते माझ्या नावाखालीच लिहिलेलं असतं. पण प्रश्नातून कळतं की मी शब्दावर थांबणारा माणूस आहे, आणि उत्तर द्यायला त्यांना एक ओळ पुरते. "तुम्हाला भाषांतराची गरज पडते का?" असं विचारलं असतं तर "सध्या नाही" म्हणून विषय संपला असता.

एक अडचण असते. लिंक्डइनवर नुसत्या फॉलोअरला फुकट खात्यातून थेट निरोप जात नाही. आधी जोडणीची विनंती करावी लागते, तिच्यासोबतच्या चिठ्ठीला अक्षरांची मर्यादा असते. म्हणून मी चिठ्ठीत आभार आणि प्रश्न एवढंच ठेवतो, यावल-ऊस पुढच्या निरोपासाठी. कमी करायचंच झालं तर स्वतःबद्दलचं वाक्य आधी काढतो, प्रश्न कधीच नाही.

बायोडेटा पहिल्या निरोपात जोडत नाही. भाषांतरकारांचे बायोडेटे चोरून त्यावर फक्त ईमेल बदलून काम मिळवणाऱ्या टोळ्या आहेत, आणि फॉलो करणारा प्रत्येक जण खरा नसतो. नव्या खात्यानं पहिल्याच उत्तरात "बायोडेटा पाठवा, मोठं काम आहे" म्हटलं तर मी कंपनीचं नाव आणि तिथला ईमेल विचारतो. बहुतेक तिथेच गप्प होतात. जुन्या गिऱ्हाइकाचा मजकूर नमुना म्हणून दाखवणंही टाळा. तो आपला नसतो.

ताईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांच्या कृषितज्ज्ञांचं म्हणणं, पुस्तकी मजकुरात खोडवा चालतो, पण जळगाव-रावेरच्या शेतकऱ्यासाठी पिलबाग हवं. मग मृगबाग आणि कांदेबाग यांवर बोलणं झालं. जून-जुलैची लागवड मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग, आणि कांद्याच्या नावामुळे त्यांच्या एका नव्या माणसानं भलताच अर्थ घेतला होता म्हणे. माझं कामाबद्दल अजून चकार शब्द नाही. उत्तर आलंच नसतं तर मी परत डिवचलं नसतं.

दीड महिन्यानं त्यांनीच विचारलं, अठराशे शब्दांचं पत्रक आहे, दर काय आणि तो इंग्रजी शब्दांवर की मराठी? मी म्हटलं, मूळ इंग्रजी शब्दांवर. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, "इन द फील्ड"चं "शेतात" होतं, म्हणजे मराठी मोजलं तर आकडा कमीच भरणार, आणि किती भरेल हे काम संपेपर्यंत तुम्हालाही कळणार नाही. ताईंनी लिहिलं, "मग इंग्रजीवरच मोजू. आणि रॅटूनला पिलबाग, लक्षात आहे ना?"