भाषांतर, दुभाषा की लिप्यंतर? फ्रीलान्सरने काम घेताना या चुका टाळा

'फाइल ट्रान्सलेट करून हवी आहे, रेट कळवा.' फ्रीलान्स भाषांतरकाराला येणाऱ्या चौकश्या बहुधा एवढ्याच असतात. क्लायंटला तीन वेगळ्या कामांसाठी हा एकच शब्द माहीत असतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. चूक होते ती आपली, कारण त्या एका शब्दावर भिस्त ठेवून आपण रेट कळवून मोकळे होतो.

भाषांतरात लिहिलेला मजकूर दुसऱ्या भाषेत लिहिला जातो. दुभाषा बोललेलं ऐकतो आणि तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत बोलतो. लिप्यंतरात भाषा तीच राहते, फक्त अक्षरं बदलतात. इतकं सगळ्यांनाच ठाऊक असतं. गोची होते ती एकाच फाइलमध्ये दोन कामं मिसळलेली असतात तेव्हा, आणि सर्वांत जास्त घोळ होतो तो नावांच्या याद्यांमध्ये.

चूक पहिली: पूर्ण फाइल एकाच कामाची समजणं

समजा, एका संस्थेने सभासदांची 300 ओळींची स्प्रेडशीट पाठवली आहे. मागणी आहे 'मराठीतून इंग्रजी भाषांतर'. रकाने चार: आडनाव व नाव, व्यवसाय, पत्ता, शेरा. त्यातली एक ओळ अशी आहे:

```
काळे उषा | निवृत्त शिक्षिका | शिक्षक कॉलनी, जुन्या शाळेमागे | वारस नोंद बाकी
```

सगळी ओळ भाषांतराला लावली तर उषाची 'पहाट' होते. हे अतिशयोक्तीचं वाटेल, पण यादी यंत्राने एका झटक्यात उलटवली की उषा, किरण, सागर यांसारखी नावं आणि सोनार, सुतार यांसारखी आडनावं अर्थासकट इंग्रजीत जाऊन बसतात. उलट सगळी ओळ लिप्यंतराला लावली, तर 'निवृत्त शिक्षिका' हे शब्द रोमन अक्षरांत तसेच उरतात आणि परदेशातल्या वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून रकाना पाहून काम ठरवायचं. नावांचं लिप्यंतर, व्यवसायाचं आणि शेऱ्याचं भाषांतर. पत्त्यात मात्र दोन्ही येतं. 'शिक्षक कॉलनी' हे वस्तीचं नाव आहे, त्यामुळे त्याचा अर्थ लावायचा नाही. 'जुन्या शाळेमागे' ही खूण आहे. वाचणाऱ्याने ती समजून घ्यायची असेल तर तिचं भाषांतर करायचं. पण तो पत्ता पाकिटावर चिकटवला जाणार असेल, तर पाकीट पोचवणारा माणूस त्याच भागातला असतो आणि त्याला ती खूण तिथे प्रचलित असलेल्या शब्दांतच ओळखू येते. अशा वेळी खुणेचंही लिप्यंतर करणं जास्त उपयोगाचं. हे आपण मनाने ठरवायचं नाही, यादी कुठे वापरली जाणार ते क्लायंटला विचारायचं. यादी परदेशातल्या कार्यालयात वाचली जाणार असेल, तर ओळ अशी होईल:

```
Kale Usha | Retired teacher | Shikshak Colony, behind the old school | Heir's entry pending
```

चूक दुसरी: लिप्यंतराची पद्धत न ठरवता कामाला लागणं

लिप्यंतर हे यांत्रिक काम वाटतं, म्हणून ते स्वस्तात आणि घाईत घेतलं जातं. खरं तर एकाच नावाची तीन बिनचूक रूपं असू शकतात:

```
ज्ञानेश्वर : jñānēśvara / Dnyaneshwar / Gyaneshwar
दळवी     : daḷavī / Dalvi
वृषाली    : vr̥ṣālī / Vrushali / Vrishali
```

प्रत्येक ओळीतलं पहिलं रूप ISO 15919 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आहे. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेलं रोमन चिन्ह असतं, त्यामुळे रोमन रूपावरून मूळ लेखन जसंच्या तसं परत मिळवता येतं. 'दळवी'मधला ळ आपण पूर्ण उच्चारत नाही, तरी लिहिताना त्यात अ आहे, म्हणून मानकात तो a येतो. ग्रंथालयाच्या सूचीसाठी किंवा संशोधनासाठी अशा प्रकारचं रूप लागतं. दुसरं रूप मराठी माणसं स्वतःचं नाव जसं लिहितात तसं आहे. तिसरं रूप हिंदी उच्चाराच्या वळणाने जाणाऱ्याच्या हातून उतरतं. मराठी माणसाच्या यादीत ते आलं, तर वाचणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत खुपतं.

ओळखीच्या कागदपत्रांसाठी यातलं एकही रूप आपण निवडायचं नसतं. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच बरोबर, मग ते नियमात बसो किंवा न बसो. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांत फक्त A ते Z, 0 ते 9 आणि < हे चिन्ह चालतं. तिथे मानकातली टिंबं-रेघा मुळातच मावत नाहीत. जन्मदाखल्याच्या भाषांतरात आपण व्याकरणशुद्ध स्पेलिंग लिहिलं आणि पासपोर्टवर वेगळं निघालं, तर अर्ज तपासणाऱ्यापुढे ती दोन वेगळी माणसं ठरू शकतात. त्यामुळे काम सुरू करण्याआधीच क्लायंटकडून दाखल्यातल्या सर्व व्यक्तींची, म्हणजे आई-वडिलांचीही, पासपोर्टवरची स्पेलिंग्ज लेखी मागवून घ्यावीत. ज्याच्याकडे पासपोर्ट नाही त्याच्या नावाचं स्पेलिंग क्लायंटने ठरवून कळवावं.

उलट दिशेचं काम आणखी अवघड. रोमनमधून देवनागरीत आणताना Kale हे काळे की काले, Sathe हे साठे की साथे, हे अक्षरांवरून कळूच शकत नाही. रोमनमध्ये आल्यावर ळ आणि ल, ठ आणि थ यांतला भेद पुसला गेलेला असतो आणि तो परत आणण्याचा कोणताही नियम नाही. अंदाज बांधण्यापेक्षा शंकास्पद नावांचा वेगळा रकाना करून तो क्लायंटकडे परत पाठवावा, हाच एक खात्रीचा मार्ग. मी तर कोटेशनमध्येच लिहितो की शंकांची यादी एकदा येईल आणि तिची उत्तरं मिळाल्यावरच काम पूर्ण होईल.

दराचा प्रश्नही इथेच येतो. 300 जणांची तीनपदी नावं म्हणजे 900 शब्द, म्हणून शब्दावर दर लावून चालत नाही. टाइप करायला फार वेळ लागत नाही, पडताळणीला लागतो. दर ओळीमागे ठरवावा आणि शंकानिरसनाचा वेळ त्यात धरावा.

काम देण्याआधी एक तपासणी न चुकता करावी. नावांचा रकाना मूळ मराठी नावांप्रमाणे क्रमाने लावला, की एकच आडनाव एकाखाली एक येतं. समोरच्या रकान्यात Kulkarni आणि Kulkarnee अशी दोन रूपं दिसली, तर एक दुरुस्त करावं किंवा त्या व्यक्तीचं स्वतःचं स्पेलिंगच तसं आहे याची खात्री करावी. पुरावा असल्याशिवाय सगळी सरसकट एकसारखी करू नयेत. सख्ख्या भावांची स्पेलिंग्जही वेगळी असतात.

चूक तिसरी: वाचण्यासाठीचं आणि बोलण्यासाठीचं रोमन एकच मानणं

मराठी न येणाऱ्या वक्त्याला व्यासपीठावर दोन वाक्यं मराठीत म्हणायची असतात. क्लायंट म्हणतो, 'स्वागताचं भाषण ट्रान्सलेट करून द्या.' आपण सुंदर मराठी लिहून देवनागरीत पाठवतो आणि वक्ता ते वाचूच शकत नाही. इथे आधी भाषांतर आणि मग लिप्यंतर, अशी दोन कामं आहेत. लिप्यंतरही मानकाचं नको. मराठी न येणाऱ्याच्या जिभेला पेलेल असं, तोडून लिहिलेलं हवं:

```
मनःपूर्वक स्वागत
ma-na-ha-POOR-vak  SWAA-gat
```

सोबत आपल्या आवाजातलं रेकॉर्डिंग दिलं तर वक्त्याचं काम फार सोपं होतं.

चूक चौथी: आवाज आला की दुभाषा, असं समजणं

'दुभाषा हवा' असं सांगून कोणी चाळीस मिनिटांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग पाठवलं, तर तिथे दुभाष्याचं काहीच काम नाही. आधी ते बोलणं लिहून काढावं लागतं, मग त्याचं भाषांतर होतं. लिहून काढणं हे वेगळं आणि बरंच वेळखाऊ काम आहे. आवाज स्पष्ट असला तरी रेकॉर्डिंगच्या कितीतरी पट वेळ लागतो. कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ नसेल, तर तो वेळ आपल्या खिशातून जातो.

याउलट 'ऑनलाइन मीटिंगसाठी ट्रान्सलेटर हवा' म्हणजे दुभाषा हवा. तिथे पहिला प्रश्न: वक्ता थांबेल तेव्हा बोलायचं की तो बोलत असतानाच? थांबत थांबत करायचं असेल तर मीटिंग जवळपास दुप्पट वेळ चालेल, हे क्लायंटला आधीच सांगावं. एकाच वेळी करायचं असेल, तर दोन दुभाषे लागतात आणि ते साधारण 20 ते 30 मिनिटांनी एकमेकांना सोडवतात. त्यापुढे एकट्याने रेटलं तर आधी आकडे आणि नावं सुटू लागतात. एकट्याने दोन तासांचं असं काम स्वीकारणं क्लायंटच्याही हिताचं नाही. दर तासावर किंवा अर्ध्या दिवसावर ठरतो, आणि विषयपत्रिका, सादरीकरण, बोलणाऱ्यांची नावं हे सगळं आधी मिळायलाच हवं.

लेखी भाषांतर उत्तम करणारा माणूस दुभाषाही असेलच असं नाही. लिहिताना शब्दकोश उघडता येतो, वाक्य पुन्हा घडवता येतं. दुभाष्याच्या हाताशी ही सवलत नसते. ते काम आपलं नसेल तर तसं स्पष्ट सांगून जाणत्या सहकाऱ्याचं नाव सुचवावं.

काम देऊन झाल्यावर तक्रार आली तर

'भाषांतर चुकलंय' असं क्लायंट म्हणाला की लगेच मजकूर तपासत बसू नये. चुकीची जागा दाखवायला सांगावं. त्याने बोट फक्त नावांवर ठेवलं, तर प्रश्न लिप्यंतराच्या पद्धतीचा आहे आणि स्पेलिंगची यादी मागवून तासाभरात तो सुटू शकतो. 'वाचता येत नाही' असं तो म्हणाला, तर त्याला रोमन रूप हवं होतं, मूळ भाषांतर कदाचित बरोबरच असेल. 'आम्ही बोललो त्याहून हे वेगळं आहे' असं म्हणाला, तर मूळ रेकॉर्डिंग कोणी आणि कसं लिहून काढलं, तिथून शोध सुरू करावा.

पुढच्या चौकशीला रेट कळवण्यापूर्वी एवढंच विचारा: माझ्याकडे येणार ते लिहिलेलं की बोललेलं? तुम्हाला परत हवं ते लिहिलेलं की बोललेलं? ते कोण वापरणार आणि त्याला कोणती लिपी वाचता येते? आणि त्यात माणसांची नावं असतील, तर त्यांची अधिकृत स्पेलिंग्ज कुठे मिळतील?