परभाषेतल्या कोर्सची पहिली क्विझ देण्याआधी

ज्याची भाषा येत नाही असा कोर्स मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर चालत असेल, तर व्हिडिओ सुरू करण्याआधी वरच्या पट्टीतला भाषेचा मेनू उघडून बघा. तिथे फक्त साइट चालवणाऱ्यांनी बसवलेल्या भाषा दिसतात. मराठी क्वचितच असते, इंग्रजी बहुधा असते. भाषा बदलली की बटणं आणि सूचना बदलतात, शिक्षकांनी लिहिलेला मजकूर मात्र तसाच राहतो. एवढं झालं तरी निम्मं काम होतं.

मग पहिला व्हिडिओ लावून CC शोधा. ते बटणच नसेल, तर त्या व्हिडिओला वेगळी सबटायटल्स जोडलेली नाहीत. अशा वेळी खाली लेखी उतारा किंवा पीडीएफ दिलंय का ते पाहावं. व्हिडिओ यूट्यूबवरून जोडलेला असेल, तर दातेरी चाकाच्या चिन्हात Auto-translate सापडू शकतं. पण मूळ सबटायटल्सच यंत्राने ऐकून लिहिलेली असतील, तर त्यातल्या चुकांवर भाषांतराच्या चुका चढतात. म्हणून विषयातले मोजके नेमके शब्द मूळ भाषेत वहीत उतरवून ठेवा. क्विझमध्ये तेच येणार.

क्विझ उघडली की ब्राउझरचं आपोआप भाषांतर बंद करा. प्रश्न समजून घ्यायला ते दुसऱ्या टॅबमध्ये खुशाल वापरा, पण उत्तर देण्याच्या पानावर नको. भाषांतर करताना ब्राउझर पानाची आतली रचना बदलतो, त्यामुळे काही साइटवर बटणं दाबूनही हलत नाहीत. शिवाय गाळलेल्या जागेत भाषांतरित शब्द लिहिला, तर यंत्र तो चूकच धरतं.

खरी गोम सबमिट करण्यात आहे. शेवटच्या प्रश्नानंतर Finish attempt दाबलं की नुसता गोषवारा दिसतो, उत्तरं जमा होत नाहीत. खाली Submit all and finish दाबायचं आणि वर येणाऱ्या चौकटीत पुन्हा होकार द्यायचा. मग क्विझच्या पानावर परत जाऊन प्रयत्नापुढे Finished दिसतंय ना ते पाहा. In progress असेल, तर पेपर अजून तुमच्याच हातात आहे. वेळ संपल्यावर तो आपोआप जमा होईलच असं नाही, ते शिक्षकांनी ठेवलेल्या सेटिंगवर ठरतं.

मुदत कुठल्या घड्याळाची तेही आधी बघा. प्रोफाइलमधला टाइमझोन सर्व्हरचाच राहिला असेल आणि तुम्ही त्याच्या दोन तास मागे असाल, तर रात्री 11:59 ची मुदत तुमच्याकडे 9:59 लाच संपते.

उरली प्रगतीची पट्टी. शिक्षकांनी पूर्ण धरायला लावलेल्या घटकांपैकी किती झाले, एवढंच ती सांगते, गुण नाही. काही घटकांवर Mark as done स्वतः दाबावं लागतं, काहींवर गुण मिळाले की आपोआप Done येतं. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहूनही पट्टी हलली नाही, तर आधी ते बटण राहिलंय का बघा. गुणांसाठी Grades वेगळं उघडावं लागतं.