समथ आणि विपश्यना: शांत बसलात, पण पाहिलंत का? या चुका टाळा

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्या माणसाला विचारा, "कसं झालं?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "मन एकदम शांत झालं." चांगलं झालं. मग विचारावं, विपश्यनेत काय दिसलं? तर पुन्हा तेच, "खूप शांत वाटलं." इथेच माझं डोकं दुखायला लागतं.

कारण त्या दहा दिवसांत दोन वेगळी कामं करून घेतलेली असतात. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकाखाली आणि वरच्या ओठावर श्वासाचा स्पर्श कळतो तेवढ्या चिमूटभर जागेवर मन टिकवायचं. हा समथाचा, म्हणजे मन स्थिर करण्याचा भाग. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना सुरू होते आणि मन डोक्यापासून पायापर्यंत फिरवत संवेदना जशी असेल तशी पाहायची असते. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात याची सरळ वाटणी आहे: समथाने चित्त घडतं आणि राग सुटतो, विपश्यनेने प्रज्ञा घडते आणि अविद्या सुटते. यातला 'राग' पाली आहे हो, म्हणजे आसक्ती. "माझा राग जाईल ना?" असं विचारत नाव नोंदवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

पहिली चूक: दबलेलं म्हणजे गेलेलं समजणं

समथ मनाला एकाच आलंबनावर, म्हणजे ध्यानासाठी धरलेल्या गोष्टीवर, राहायला शिकवतो. मन तिथे राहिलं की कामवासना, द्वेष, आळस-गुंगी, चुळबुळ-पश्चात्ताप आणि शंका ही पाच नीवरणं, म्हणजे मनाचे अडथळे, खाली बसतात. गढूळ पाणी न हलवता ठेवलं की गाळ बसतो, तसंच. वरचं पाणी नितळ दिसतं, पण गाळ भांड्यातच असतो.

यावर विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथात श्रीलंकेतली एक गोष्ट आहे आणि मी ती प्रत्येक नव्या साधकाला ऐकवतो, त्याला नको असली तरी. महानाग नावाचे वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, स्वतःला अर्हंत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, समजत होते. त्यांचे शिष्य धम्मदिन्न स्वतः अर्हंत होते. आपले आचार्य अजून पृथग्जनच, म्हणजे मुक्त न झालेले साधे माणूसच आहेत, हे त्यांनी ओळखलं. ते भेटायला गेले आणि विचारलं, "भन्ते, हे ज्ञान आपल्याला कधीपासून आहे?" उत्तर आलं, "साठ वर्षं झाली." मग शिष्याने त्यांना ऋद्धीने, म्हणजे समाधीतून येणाऱ्या सिद्धीने, एक पांढराशुभ्र हत्ती निर्माण करायला सांगितला. थेरांनी केला. "आता तो कान पसरून, शेपूट ताठ करून, सोंड तोंडात घालून, चीत्कारत सरळ आपल्या अंगावर येतोय असं करा." तेही केलं. हत्ती धावून आला आणि थेर उठून पळायलाच लागले. धम्मदिन्नांनी त्यांच्या चीवराचा काठ धरला: "भन्ते, क्षीणास्रवाला भय असतं का?" क्षीणास्रव म्हणजे ज्याच्या मनातले सगळे मळ संपले तो, अर्थात अर्हंत.

स्वतःच्या समाधीतून, स्वतःच बनवलेला हत्ती! म्हणजे समाधीत खोट नव्हती, ती अव्वल होती. तिने क्लेश, म्हणजे मनाचे मळ, इतके पक्के दाबून ठेवले होते की साठ वर्षं त्यांचा पत्ताच लागला नाही. मला या थेरांचं पुढचं वागणं जास्त आवडतं. ते तिथेच उकिडवे बसले आणि शिष्याला म्हणाले, मला आधार दे. धम्मदिन्नांनी कर्मस्थान, म्हणजे ध्यानाचा विषय, सांगितलं. ते घेऊन थेर चंक्रमणावर, म्हणजे चालत ध्यान करायच्या वाटेवर, चढले आणि तिसऱ्या पावलाला अर्हंत झाले. साठ वर्षांचा समथ वाया गेला नव्हता. धार लावलेलीच होती, फक्त कापायला घेतलं नव्हतं.

मग मी काय करतो? श्वास तोच ठेवतो, काम बदलतो. पहिली वीस मिनिटं समथ: श्वासाचा स्पर्श, बाकी काही नाही. खाज आली, आवाज आला, तर त्याची चौकशी न करता परत श्वासावर. या वेळात बाकी सगळं अडथळाच असतं. मन जरा टिकायला लागलं की त्याच श्वासात काय बदलतंय ते पाहायला घेतो. आत येणारा गार, बाहेर जाणारा कोमट. सुरुवातीला ठळक, शेवटी विरत जाणारा, मधे एक फट. आता खाज आली तर ती अडथळा राहत नाही, तीही पाहायचीच गोष्ट. कुठे सुरू झाली, कशी वाढली, खाजवायची ओढ कधी उठली, न खाजवता कधी ओसरली. छान सुख वाटत असेल तर त्या सुखाकडेच वळतो. तेही वरखाली होत असतं.

बसून उठल्यावर स्वतःला विचारा, काय बदलताना दिसलं? उत्तर फक्त "बरं वाटलं" असेल तर आज समथ झाला. त्यात वाईट काही नाही, पण त्याला विपश्यना म्हणू नका.

दुसरी चूक: अंगातल्या प्रवाहाच्या मागे लागणं

ही माझीच आहे, त्यामुळे सविस्तर सांगतो. दुसऱ्या शिबिरात मला अंगभर सूक्ष्म मुंग्यांसारखा प्रवाह जाणवला. डोक्यातून सोडला की पायाच्या बोटांपर्यंत सरसर. घरी आल्यावर रोज पहाटे पाचला उठून मी तोच शोधत बसायचो. जमला की दिवस छान, नाही जमला तर नाश्त्याला पोहे खारट, मुलगा बेशिस्त, बायको उगाच बोलते. असे आठ महिने काढले. वर हेही सांगत फिरायचो की माझी विपश्यना खोल चालली आहे.

पुढच्या शिबिरात आचार्यांनी एवढंच विचारलं, "डाव्या गुडघ्यात काय जाणवतं?" मी म्हणालो, "तिथे काही नाही, दगडासारखं आहे, म्हणून मी तिथून पटकन पुढे जातो." बोलताना माझं मलाच कळलं. आवडतं तिथे रेंगाळायचं आणि नावडतं तिथून पळायचं, याचाच सराव मी आठ महिने केला होता, तोही पहाटे उठून. विपश्यना नेमकं याच्या उलट शिकवते: सुखद संवेदनेला चिकटायचं नाही, दुःखद ढकलायची नाही आणि बधिर जागा टाळायची नाही.

विसुद्धिमग्गात विपश्यनेचे दहा उपक्लेश, म्हणजे वाटेत अडकवणाऱ्या गोष्टी, सांगितल्या आहेत. त्यात प्रकाश, प्रीती, प्रशांती, सुख असली मंडळी आहेत आणि शेवटी 'निकंति', म्हणजे या सगळ्याची गोडी. प्रकाश दिसणं हा दोष नव्हे, पण त्याला मुक्काम समजला की साधक तिथेच अडकतो.

आता माझी सवय अशी: जिथे काहीच जाणवत नाही तिथे मिनिटभर थांबतो. मिनिटात काही उमटलं तर ठीक, नाही तर बधिरपणाच पाहून पुढे. आणि आठवड्यातून एकदा फेरी मुद्दाम त्याच गुडघ्यापासून सुरू करतो.

बाकीच्या, थोडक्यात

समथ टाळून थेट 'वरचा' अभ्यास मागणारे घाईचे लोक. सलग दहा श्वास टिकत नसतील तर अनित्य काय पाहणार? पाहतोय असं वाटतं तेवढंच, प्रत्यक्षात अनित्याबद्दल विचार चाललेला असतो. बुद्धांच्या काळातही काही जण विपश्यना आधी आणि समथ नंतर करत, हे त्यांचे शिष्य आनंद यांनी सांगितलेलं आहे. मान्य. पण तुम्ही दुसऱ्या श्वासाला ऑफिसात पोचता.

श्वास मोजायचे तर पाचाच्या आत थांबू नका आणि दहाच्या पुढे जाऊ नका, असा जुना नियम आहे. आधी धान्य मापणाऱ्यासारखं सावकाश, मग गोठ्याच्या दारात गाई मोजणाऱ्या गवळ्यासारखं भरभर. मन स्थिर झालं की मोजणं सोडायचं. शंभरपर्यंत मोजून दाखवणारे फक्त आकडे मोजतात.

म्यानमारचे भिक्षू महासी सयाडो यांच्या पद्धतीने पोटाची हालचाल 'फुगतंय, बसतंय' अशी नोंदवत असाल तर शब्दाचा जप होऊ देऊ नका. लक्ष पोटावर हवं.

काही दिवस झोपच उडाली, भीती वाटायला लागली, आपण आपण नाही असं वाटायला लागलं, तर जोर लावू नका. बसणं थांबवा, आचार्यांना सांगा, आणि आधीपासून मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांकडे जा.

आणि बसल्या बसल्या डुलक्या घेणं म्हणजे खोल समाधी नव्हे, मान पडते तेव्हा शेजाऱ्यालाही कळतं. बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान असेच डुलत होते तेव्हा बुद्धांनी त्यांना क्रमाने उपाय सांगितले: कान ओढ, हातपाय चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, वर नक्षत्रांकडे बघ, येरझाऱ्या घाल. तरीही जाईना तर उजव्या कुशीवर सरळ झोप. मी कान ओढण्यापासून सुरू करतो. पहाटेच्या बैठकीत बहुतेकदा येरझाऱ्यांपर्यंत जावं लागतं.