एका फोटोवरून चेहरा नव्या शैलीत: या चुका टाळा

खानापूरच्या एका घरातून आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी एआयनं काढलेलं तैलचित्र हवं होतं. जुना फोटो एकच, उभ्या आकाराचा, खुर्चीत बसलेले, डोक्याला फेटा. लोरा म्हणजे बऱ्याच फोटोंवर शिकवलेली मॉडेलची छोटी जोड. ती एका फोटोवर नीट शिकत नाही, म्हणून आयपी-अ‍ॅडॅप्टर घेतला, म्हणजे एक संदर्भ फोटो मॉडेलला दाखवणारी जोड. यात प्रशिक्षण नसतं. फोटो एन्कोडरमधून, म्हणजे चित्राचे आकडे करणाऱ्या भागातून जातो आणि त्याचं सार चित्र घडत असताना प्रॉम्प्टच्या जोडीला मिसळलं जातं.

पहिल्या आठ चित्रांत कुणीतरी भलतेच म्हातारे आले. घाईत मी वजन, म्हणजे संदर्भ फोटोचा जोर, 1 केलं. खुर्ची आली, स्टुडिओतला पडदा आला, आजोबा नाहीत. तैलरंगाचे फटकारेही गेले.

दोष वजनाचा नव्हताच. हा एन्कोडर फोटो 224 गुणिले 224 पिक्सेलचा करतो आणि त्यासाठी मधला चौकोन कापतो. उभ्या फोटोचा मधला चौकोन म्हणजे पोट आणि धोतर! चेहरा वरच कापला गेला होता. नवशिके अख्खा फोटो टाकतात आणि मॉडेल वाईट आहे म्हणतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. आता मी आधी हनुवटीपासून फेट्याच्या वरपर्यंत चौकोन हातानं कापतो, मगच बाकीचं.

कापल्यावर चेहऱ्यासाठीचं `ip-adapter-plus-face_sd15` वापरलं, `weight` 0.6 आणि `end_at` 0.7. वजन 1 असलं की चेहऱ्याबरोबर फोटोचा उजेड आणि पोतही येतो, म्हणून शैली मरते. `end_at` 0.7 म्हणजे चित्र घडण्याच्या शेवटच्या तीस टक्के पायऱ्यांत संदर्भ बाजूला होतो आणि रंगांना मोकळीक मिळते. वजन 0.4 च्या खाली नेलं तेव्हा आजोबांचे चुलत भाऊ वाटावेत असा माणूस आला. आकडे फोटोगणिक बदलतात. मी सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवून वजन 0.1 नं हलवत जातो, एका वेळी एकच गोष्ट.

धूसर फोटोवर धारदार चेहरा मागू नका. काळा चष्मा असलेला फोटो संदर्भाला घेऊ नका. प्रॉम्प्टमध्ये 'तरुण, देखणा' लिहिलंत तर तो संदर्भाशी भांडेल.

घरातल्यांनी चित्र पाहिलं आणि आजी म्हणाल्या, "डाव्या गालावरचा तीळ कुठाय?" तो येणार नव्हता. 224 पिक्सेलांत तीळ जेमतेम ठिपका उरतो, आणि सगळा चेहरा पुढे मोजक्या सोळा टोकनांत, म्हणजे आकड्यांच्या सोळा गठ्ठ्यांत दाबला जातो. नाकाची ठेवण, चेहऱ्याचा आकार राहतो. तीळ, व्रण, पुढे आलेला दात बहुधा हरवतो. मी तीळ हातानं रंगवला.

आता तेच घर आजोबांच्या आयुष्यावर वीस पानांचं चित्रपुस्तक मागतंय. त्याला अ‍ॅडॅप्टर पुरणार नाही, कारण बाजूनं पाहिलेला चेहरा एका समोरच्या फोटोत नसतोच आणि पानागणिक माणूस थोडा बदलत जातो. मी त्यांना वेगवेगळ्या कोनांतले पंधरा-वीस फोटो शोधायला सांगितलेत. ते मिळाले की लोरा शिकवेन.