संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकाचं समर्थन कसं लिहावं: पुरंदरच्या विहिरींचा एक हिशेब

अनुदानाच्या अर्जात रकमेचा तक्ता सगळेच नीट भरतात. त्याखालच्या ‘जस्टिफिकेशन’च्या रकान्यात मात्र ‘प्रकल्पाच्या उद्दिष्टपूर्तीसाठी आवश्यक’ एवढंच लिहून मोकळे होतात. हे वाक्य कुठल्याही खर्चाला चालतं, म्हणूनच परीक्षकाला त्यातून काही कळत नाही आणि कात्री तिथेच लागते. तक्त्यातली प्रत्येक रक्कम कामाच्या कुठल्या भागातून आली, ते या रकान्यात दिसायला हवं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका पुरंदर तालुक्यातल्या विहिरींमधलं नायट्रेट तपासणार आहेत. अंजीर-सीताफळाच्या बागा, त्यांना दिलं जाणारं नत्रखत आणि खाली विहिरी, असा विषय. प्रकल्प तीन वर्षांचा आहे. पहिले सहा महिने विहिरी निवडणं आणि खरेदी, पुढचे २४ महिने दर महिन्याला ३० विहिरींचं पाणी, शेवटचे सहा महिने विश्लेषण.

आधी कामाचे दिवस मोजा

रुपयांना हात लावण्याआधी एका महिन्याचं काम कागदावर मांडा. एका दिवसात दहा विहिरी होतात, म्हणजे फिल्डवर तीन दिवस. नायट्रेट आणि इतर चाचण्यांना आठ दिवस. द्रावणं तयार करणं, उपकरणाचं प्रमाणीकरण आणि भांडी धुणं यांत तीन दिवस, नोंदी आणि फेरतपासणीत तीन. एकूण १७. महिन्यात कामाचे साधारण २२ दिवस धरले, तर हे पूर्णवेळ एका माणसाचं काम आहे, दोघांचं नाही. ‘दोन जेआरएफ’, म्हणजे दोन कनिष्ठ संशोधक, मागायचा मोह इथेच आवरावा. विहिरीवर एकट्याने जाणं मात्र धोक्याचं, म्हणून फिल्डच्या ७२ दिवसांपुरता रोजंदारीवर एक मदतनीस. हे गणित समर्थनात जसंच्या तसं लिहा. ‘एकच का’ आणि ‘एक तरी कशाला’ या दोन्ही प्रश्नांना त्यात उत्तर आहे.

आता दर. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या २०२३ च्या सुधारित दरांनुसार जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ संशोधकाला, ४२,००० रुपये, अधिक घरभाडे भत्ता. पुणे ‘एक्स’ वर्गातलं, म्हणजे सर्वात मोठ्या शहरांपैकी एक असल्यामुळे हा भत्ता सध्या ३० टक्के आहे. दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन जेआरएफचा एसआरएफ होतो, हे तिसऱ्या वर्षाच्या रकमेत दिसलं पाहिजे.

पहिली दोन वर्षं: ४८,१०० × २४ = ११,५४,४००
तिसरं वर्ष: ५४,६०० × १२ = ६,५५,२००
एकूण: १८,०९,६००

तिन्ही वर्षांना जेआरएफचाच दर लावला, तर शेवटच्या वर्षी ७८,००० रुपये कमी पडतात आणि ते आणायचे कुठून, हा प्रश्न कॉलेजच्या अकाउंट विभागात येऊन थांबतो. दुसऱ्याचा जुना अर्ज समोर ठेवून आकडे उतरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. संस्था पुणे नागरी समूहाबाहेरच्या लहान गावात असेल, तर भत्ता १० टक्क्यांवर येतो. उमेदवाराला वसतिगृह दिलं असेल, तर तो मिळतच नाही.

उपकरण: विकतच का?

पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न हमखास येतो. विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्र आहे, एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था आहेत. मग प्रकाशाच्या शोषणावरून पाण्यातलं नायट्रेट मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर कॉलेजला स्वतःचा कशाला? ‘विभागाची क्षमता वाढेल’ हे उत्तर मी तरी लिहू नये म्हणेन. अनुदान प्रकल्पाला मिळतं, विभागाला नाही.

खरं उत्तर नमुन्यातच आहे. नायट्रेटसाठी घेतलेलं पाणी काही न मिसळता ४ अंश सेल्सिअसला ठेवलं, तरी ४८ तासांच्या आत तपासावं लागतं. सोमवारी दुपारी सासवडजवळ भरलेली बाटली बुधवारी दुपारपर्यंत वाचून झाली पाहिजे. बाहेरच्या केंद्रात दर महिन्याला नेमक्या त्याच दिवशी वेळ मिळेल, याची खात्री कुणी देत नाही. त्यात एकूण नमुने ७२०. म्हणून उपकरण हाताशी हवं.

याच कसोटीवर दुसरी मागणी मात्र टिकत नाही. जड धातू मोजायचे असतील, तर नायट्रिक आम्ल घातलेला नमुना सहा महिने ठेवता येतो. त्यासाठी महागडं यंत्र मागू नका. मोजके नमुने सामायिक केंद्राकडे पाठवा आणि त्यांचं शुल्क इतर खर्चात दाखवा. एक मागणी आपणहून सोडलेली दिसली, की दुसरीवर विश्वास बसतो.

मग किंमत. कोटेशन ताजं हवं, आणि त्यातला जीएसटी मुद्दाम पाहा. संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्क्यांची सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली आणि आता १८ टक्के लागतो. मूळ किंमत ४,५०,००० धरली, तर द्यावी लागणारी रक्कम ५,३१,००० होते. जुन्या दराने ती ४,७२,५०० दिसते, म्हणजे ५८,५०० चा खड्डा. सोबतचं सामानही याच किमतीत विचारून घ्या. नायट्रेट २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात आणि तिथे नमुना ठेवायची छोटी नळी, म्हणजे क्युव्हेट, काचेची चालत नाही, क्वार्ट्झची लागते. वॉरंटी तीन वर्षांची मागा, नाहीतर देखभालीचे पैसे चालू खर्चातून काढावे लागतील.

प्रवास

इथे फार लिहावं लागत नाही, कारण दिवस आधीच मोजलेत. महिन्याला तीन याप्रमाणे २४ महिन्यांत ७२ दिवस, गाडीचं भाडं दिवसाला ३,५०० धरून २,५२,०००. दिवे घाट चढून वाड्या-वस्त्यांवर जायचं, सोबत बर्फाची पेटी आणि बाटल्या, म्हणून एसटी नाही. एवढं एक वाक्य पुरतं. परिषदेचा प्रवास मागायचाच तर शेवटच्या वर्षात, हाती निष्कर्ष असताना. पहिल्या वर्षीची परिषद चटकन खटकते.

ओव्हरहेड सर्वात शेवटी

ओव्हरहेड म्हणजे वीज, जागा, हिशेब, ऑडिट यांसाठी संस्थेला मिळणारा हिस्सा. टक्केवारी आणि ती कशावर काढायची, हे त्या योजनेच्या सूचनेत दिलेलं असतं, म्हणून दुसऱ्या योजनेचा आकडा उचलू नका. आपल्या उदाहरणात रसायनं, मदतनीस, नमुना-शुल्क आणि किरकोळ खर्च मिळून ३,५७,४०० धरले, तर थेट खर्च २९,५०,००० होतो. त्यावर १० टक्के, म्हणजे २,९५,०००. एकूण मागणी ३२,४५,०००. काहीजण आधी एकूण आकडा ठरवून त्याचे १० टक्के काढतात. तसं केलं की ओव्हरहेड प्रत्यक्षात थेट खर्चाच्या ११ टक्क्यांवर जातं. विजेचं बिल किरकोळ खर्चातही दाखवलं, तर तीच गोष्ट दोनदा मागितल्यासारखी होते.

योजनेची कमाल मर्यादा ओव्हरहेडसकट ३० लाख असेल, तर थेट खर्च २७,२७,००० च्या आसपास बसवावा लागेल. अशा वेळी प्रत्येक ओळीतून थोडं थोडं खरवडू नका. ३,५०० ची गाडी २,५०० ला कागदावर मिळते, रस्त्यावर नाही. त्याऐवजी विहिरी ३० वरून २० करा. फिल्डचे दिवस ४८ होतात, गाडीचेच ८४,००० वाचतात, मदतनीस आणि रसायनंही त्याच प्रमाणात उतरतात. तरीही उरलेली तफावत धातूंचे नमुने कमी करून भरा. मग प्रस्तावातला विहिरींचा आकडा, नकाशा आणि वेळापत्रकही बदला. कार्यपद्धतीत ३० आणि अंदाजपत्रकात २० विहिरी राहिल्या, तर परीक्षकाला दुसरं काही शोधायची गरज उरत नाही.