ओढ्याच्या काठाला गॅबियन: बॉक्स किती, दगड किती

ओढ्याच्या वळणावर पाणी बाहेरच्या काठावर आदळते आणि काठ पायथ्यापासून पोखरला जातो. तिथे गॅबियन, म्हणजे दगड भरलेले तारेच्या जाळीचे बॉक्स, लावायचे ठरले की मोजमाप कोरड्या दिवसांत, पात्र उघडे असताना घ्या.

हिशेबासाठी एक काम धरू. काठ पात्रापासून 2 मीटर उंच आहे आणि 26 मीटर लांबीत खचलेला आहे. भिंत खचलेल्या भागाच्या टोकाला संपवू नका. दोन्ही बाजूंना किमान 2 मीटर ती धड, न हललेल्या काठात आत वळवा, नाहीतर पाणी मागच्या बाजूने शिरते. म्हणजे एकूण लांबी 30 मीटर झाली. उंचीतही पात्राच्या खाली 1 मीटर धरा, कारण पायथा उघडा पडला की वरची भिंत पुढे कलंडते. पात्र याहून खोल खरवडले जात असेल, तर पाया तेवढा खाली न्यावा लागेल.

आता 1 मीटर उंचीचे तीन थर होतात: तळाचा 2 मीटर रुंद, मधला 1.5 मीटर, वरचा 1 मीटर. तळाला 2×1×1 मीटरचे बॉक्स काठाकडे आडवे लावले की 30 लागतात. मधल्या थराला 1.5×1×1 चे 30. वरच्या थराला 2×1×1 चेच बॉक्स लांबीच्या दिशेने ठेवले की 15. एकूण 75 बॉक्स. घनफळ 60 + 45 + 30, म्हणजे 135 घनमीटर. भिंत 3 मीटरपेक्षा उंच होत असेल किंवा काठावर रस्ता, घर असेल, तर ही रुंदी गृहीत धरू नका. स्थिरतेची गणना अभियंत्याकडूनच करून घ्या.

इथवर कुणी चुकत नाही. चूक होते ती दगड मागवताना, आणि मीही ती केली आहे. कुणीतरी सांगते, "गॅबियनमध्ये 35 टक्के पोकळी असते, तेवढा दगड कमी मागवा." मी 135 चे 65 टक्के काढले आणि 88 घनमीटर दगड मागवला. तळाचा थर भरला, मधला निम्माही झाला नाही आणि ढीग संपला. उघड्या झाकणांचे बॉक्स पाण्याच्या तोंडाशी तसेच उभे राहिले.

कारण साधे आहे. 88 घनमीटर हे निव्वळ दगडाचे घनफळ. पण डंपरमधून येतो तो ढीग, आणि ढिगातही पोकळी असतेच. उलट ओतलेल्या दगडात ती हाताने रचलेल्या बॉक्सपेक्षा जास्त असते, साधारण 40 ते 45 टक्के. 42 टक्के धरली, तर 88 ला 0.58 ने भागायचे: सुमारे 151 घनमीटर. वर 5 टक्के निवडून बाजूला काढायच्या दगडासाठी धरा. मागणी 160 घनमीटरची. म्हणजे बॉक्सच्या घनफळापेक्षा ढीग जास्तच लागतो. पोकळी वजा करून ढीग मागवण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

वजनावर घ्यायची सोय असेल तर तोच मार्ग मी निवडतो, कारण ढीग सैल असो वा दाबलेला, दगडाचे वजन तेच राहते. दगडाची घनता घनमीटरला 2.65 टन धरली तर 88 × 2.65 म्हणजे सुमारे 233 टन; 5 टक्के धरून 245 टन. फक्त चिखलमातीने माखलेला माल वजनावर घेऊ नका.

एवढे करूनही सगळा माल एकदम मागवू नका. पहिल्या वजन केलेल्या गाडीतून 2×1×1 चे बॉक्स भरून बघा. एका बॉक्सला साधारण 3.4 ते 3.5 टन लागायला हवेत. 3 टनांतच भरला, तर दगड नीट रचलेला नाही. आत हात घालून पाहा, मोठी भोके सापडतील. दगड रचलेला दिसूनही फरक राहिला, तर तुमच्या दगडाची घनता वेगळी आहे. मग उरलेली मागणी त्याच आकड्यावरून बदला.

8×10 सेंटिमीटरच्या जाळीला 10 ते 20 सेंटिमीटरचा टणक दगड घ्या. त्याहून बारीक दगडाने पोकळी भरून निघते असे वाटते, पण पहिल्याच पुरात तो जाळीतून निघून जातो आणि बॉक्स खाली बसतो. दर्शनी बाजूचे दगड हाताने लावा. एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश उंचीवर पुढच्या-मागच्या जाळीला आडव्या तारा बांधा. शेजारचा बॉक्स रिकामा ठेवून एकच काठोकाठ भरला, तर मधली जाळी फुगते आणि ते फुगलेले घनफळही दगड खाते. वर 3 ते 5 सेंटिमीटर जास्त भरून मगच झाकण ओढा.

भिंतीमागे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड लावून मग माती भरा.