शेवटच्या सेकंदाचा ट्विस्ट: रील लिहिणाऱ्या नवीन लोकांसाठी थोडं अनुभवाचं

शूटिंग, कटिंग तुम्हाला येतंच असं धरतो, फक्त लिहिण्याबद्दल बोलतो. मला स्वतःला अजूनही शेवट लिहिताना घाम फुटतो.

उदाहरण घेऊ. साधारण पंचवीस सेकंदांची रील, दोन भाऊ जागेवरून भांडतायत आणि शेवटी कळतं की ते व्यापार खेळतायत. आता नवीन माणूस काय करतो, सगळं लपवतो. नुसते डोळ्यांचे क्लोजअप, अर्धवट वाक्यं, "तुला माहितीये मी कशाबद्दल बोलतोय" टाईप. अरे पण बघणाऱ्याला कुठे माहितीये! तो तिसऱ्या सेकंदाला वर सरकवून मोकळा. ट्विस्टआधी पूर्ण समजेल अशी एक गोष्ट लागते, इथे ती म्हणजे भावाभावांचं भांडण. लपवायचा फक्त पट.

दुसरी गंमत म्हणजे प्रत्येक वाक्य दोन्हीकडे खरं हवं.

"माझ्या जागेत येऊन बसलास, भाडं कोण देणार?"
"गहाण टाकली होतीस ना ती?"
"सोडवली मी. घर पण बांधलंय. विचार बाबांना!"

जागा, भाडं, गहाण, घर हे सगळं खेळातही असतं आणि बाबा बँक सांभाळतायत. आता यात "उद्या वकिलाची नोटीस येईल" घातलंत की संपलं, कारण खेळात वकील नाही. असं वाक्य कितीही भारी वाटलं तरी उडवा. पुन्हा बघणारा तेच पकडतो आणि कमेंटमध्ये धुतो.

खूण मात्र आधी दिसायला हवी. मोठ्या भावाची मूठ आवळलेली दाखवा, रागाने थरथरतेय असं वाटतं, खरं तर आत फासे आहेत. शेवटी बोलणं थांबतं, अर्धा सेकंद शांतता, मूठ उघडते, फासे पटावर. तिथे कुणी "अरे खेळतोय आपण" म्हणालं तर मी उठून जाईन.

पट किमान एक सेकंद, जमलं तर दीड सेकंद धरा. रील लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, दहाबारा फ्रेममध्ये डोळ्याला फासे सापडेपर्यंत भांडण परत चालू! फासे आणि नोटा फ्रेमच्या मध्यावर किंवा थोडं वर ठेवा, खाली नाव आणि कॅप्शन येतं.

ट्विस्टचे तयार टेम्प्लेट विकणाऱ्या कोर्सवाल्यांना पैसे देऊ नका, त्यापेक्षा शेवटचे दोन सेकंद कापून घरातल्या कुणालाही दाखवा आणि विचारा, काय चाललंय? "जागेवरून भांडतायत" म्हणाले तर बरोबर. "काहीच कळलं नाही" म्हणाले तर सुरुवात परत लिहा, शेवटाला हात लावू नका. जमतं हे, दोनतीनदा लिहावं लागतं एवढंच.

आणि कव्हर स्वतः निवडा, मुठीचाच फ्रेम घ्या. नाहीतर पटच कव्हरवर झळकू शकतो, वर कॅप्शनमध्ये कुणीतरी #boardgame टाकून ठेवतो.